आमची वाटचाल: ‘होऊन जाईल’ म्हणालो त्या फोनपासून

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात भाड्याच्या गाळ्यात आम्ही सुरुवात केली तेव्हा एक जुना लेथ, एक रेडियल आणि तात्यांचा हात एवढंच भांडवल होतं. तात्या आमचे भागीदार. सरफेस प्लेटवर निळा लावून स्क्रेपरने स्लाइड बसवायला ते बसले की चहा गार व्हायचा, पण माणूस उठायचा नाही. एका चौरस इंचात किती ठिपके उठले ते बोटाने मोजत जायचे. तो स्क्रेपर त्यांनी जुन्या कानशीला धार लावून बनवला होता आणि दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत. जॉबवर्कमधून फिक्स्चर, फिक्स्चरमधून एसपीएम म्हणजे एकाच कामासाठी बनवलेली खास मशिनं, उद्यमनगरातून शिरोली, असे पुढे सरकत गेलो. ती वर्षं बरी गेली. त्यावर लिहिण्यासारखं फारसं नाही.

लिहायचं आहे ते 2008 च्या मशिनबद्दल. गिअरबॉक्स कव्हरला आठ भोकं एकदम मारणारं मल्टिस्पिंडल ड्रिलिंग मशिन, किंमत 22 लाख, ड्रॉइंग मंजूर झाल्यापासून 20 आठवड्यांत डिलिव्हरी. 30 टक्के आगाऊ, 60 टक्के मशिन गेल्यावर, 10 टक्के ट्रायलनंतर. उशीर झाला तर आठवड्याला अर्धा टक्का दंड, जास्तीत जास्त 5 टक्के. कंपनीचं नाव लिहीत नाही, धंदा गावातलाच आहे.

नवव्या आठवड्यात त्यांच्या साहेबांचा फोन आला. “दोन भोकं वाढवायची आहेत. आठाची दहा, बाकी काही नाही.” मी गाळ्यातच होतो, मागे मशिन चालू, एक कान बंद करून ऐकत होतो. म्हणालो, “होऊन जाईल साहेब.” ड्रॉइंग बघितलं नाही, तात्यांना विचारलं नाही. गिऱ्हाईक नाराज होऊ नये एवढीच भीती डोक्यात होती.

संध्याकाळी ड्रॉइंग आलं. तात्यांनी पट्टी लावली आणि गप्प बसले. नववं भोक ठीक होतं. दहाव्याचं शेजारच्या भोकापासून अंतर 21 मिलिमीटर. आमच्या स्पिंडलला 6000 नंबरचं बेअरिंग, बाहेरचा व्यास 26. दोन बेअरिंग शेजारी बसवून मध्ये हौसिंगची भिंत ठेवायची तर 30 तरी लागतात. सुई बेअरिंग घालून किंवा बेअरिंग वरखाली बसवून मार्ग निघतो, पण मग गिअर ट्रेन पुन्हा मांडावी लागते, आयडलरच्या जागा हलतात. आणि आमचं हौसिंग फिनिश बोअर होऊन आलेलं, स्पिंडलचं अर्धं हेड जुळलेलं.

पुढचे आठवडे मला आजही पाठ आहेत. जुनं हौसिंग बुश ठोकून वाचवायच्या नादात दीड आठवडा गेला, सेंटर धरेना. पॅटर्न बदलून नवं कास्टिंग हातात येईपर्यंत साडेतीन. रफिंग आणि स्ट्रेस रिलीव्हिंगला एक. जिग बोरिंगवाल्याकडे आमचा नंबर निघून गेला होता, तिथं रांगेत दोन. बोरिंगला एक. हेड सोडवून नव्याने जुळवायला दोन. अकरा आठवडे.

दंडाचे पूर्ण 5 टक्के कापले, म्हणजे 1 लाख 10 हजार. त्याचं दुःख कमी. मशिन गेल्याशिवाय 60 टक्के मिळणार नव्हते, म्हणजे 13 लाख 20 हजार अकरा आठवडे अडकले, बँकेची कॅश क्रेडिट मर्यादा संपली, दोन पगार उशिरा झाले. तात्यांनी गावाकडची जमीन तारण ठेवली. आणि बोरिंगच्या त्याच रांगेत आमचं दुसऱ्या गिऱ्हाइकाचं मशिन होतं, तेही तीन आठवडे मागं गेलं. त्यांनी तर काहीच मागितलं नव्हतं. भोकं एकाने वाढवली आणि उशीर दुसऱ्याच्या दारात गेला, हे मला फार लागलं.

मीटिंगमध्ये त्यांनी टेबलावर आमचं कोटेशन ठेवलं. “तुम्हीच होऊन जाईल म्हणालात ना?” आमच्याकडे एक ओळ लिहिलेली नव्हती. पुढची तीन मशिनं आमच्या जवळच्याच एका स्पर्धकाला गेली. तो कशालाही “करून देतो की” म्हणतो, अजून म्हणतो. त्याची मशिनं कितीदा उशिरा जातात हे शिरोलीत सगळ्यांना माहीत आहे, तरी ऑर्डर त्यालाच मिळतात. ही गोष्ट मला अजून पटलेली नाही.

त्या दिवाळीनंतर आम्ही फळा केला. ऑफिसच्या भिंतीवर आठ फूट लांब पत्रा, त्यावर आठवड्यांच्या उभ्या रेघा, पाच सेंटिमीटरला एक आठवडा. लोहचुंबकाच्या पट्ट्या त्याच मापात कापलेल्या: डिझाइन, कास्टिंग, मशिनिंग, बाहेरून येणारा माल, पॅनेल, असेंब्ली, ट्रायल. एकामागून एक लागणारी सगळ्यात लांब साखळी लाल. ती एक दिवस हलली की डिलिव्हरी एक दिवस हलते. बाकीच्या पट्ट्या हिरव्या, त्यांच्यापुढे जी मोकळी जागा दिसते तेवढी त्यांना सवड. पुढे पुतण्याने सांगितलं की ह्याला क्रिटिकल पाथ म्हणतात आणि अमेरिकेत 1950 च्या दशकातच ही पद्धत निघाली. आम्हाला ती अकरा आठवड्यांनी शिकवली. फळ्यावर जोतिबाची यात्रा आणि मे महिन्यातली लग्नंही मांडतो. त्या दिवसांत माणसं नसतात, हे नंतर आठवून उपयोग नाही.

मधेच आलेली प्रत्येक मागणी पिवळ्या चिठ्ठीवर लिहून फळ्यावर लागते. फोनवर उत्तर एकच, “दोन दिवसांत लेखी कळवतो.” मग तात्या, डिझाइनवाला आणि मी फळ्यासमोर उभे राहतो. ही मागणी कुठल्या पट्टीला हात घालते, त्या पट्टीचं काम किती झालंय, तिच्यामागे काय अडतं, आणि ते काम करणारा माणूस किंवा मशिन त्या आठवड्यात आणखी कुणाला दिलेलं आहे का, एवढं बघतो. ह्यातलं शेवटचं लोक विसरतात. दोन भोकांच्या वेळी आम्हीही तेच विसरलो होतो.

एक उदाहरण सांगतो. गोकुळ शिरगावचे आप्पासाहेब आमचे पहिल्यापासूनचे गिऱ्हाईक. 2008 ला आमच्याकडे पैसा नव्हता तेव्हा त्यांनी एका फिक्स्चरचे सगळे पैसे आधी दिले होते, ते घर विसरणार नाही. 2017 ला त्यांचं 18 आठवड्यांचं मशिन चालू होतं. दहाव्या आठवड्यात सोमवारी ते स्वतः आले आणि तीन गोष्टी मागितल्या: वेगळा रंग, जॉब पॅडवर नीट बसलाय का हे हवेने तपासणारा सेन्सर, आणि पुन्हा तेच, दोन जास्तीची भोकं.

रंग सोळाव्या आठवड्यात लागायचा होता, डबे घेतले नव्हते. शून्य दिवस.

सेन्सर यायला तीन आठवडे, पॅनेलवाल्याला तो चौदाव्या आठवड्यात लागणार. म्हणजे चार आठवड्यांची सवड होती, त्यातली तीन जाऊन एक उरली. डिलिव्हरी हलत नाही. पण तात्यांनी दुसरीच गोष्ट पकडली. हवेचं बारीक भोक रेस्टिंग पॅडमधून जातं. पॅड ओएचएनएस स्टीलचे, शुक्रवारी हार्डनिंगला जाणार होते. हार्डनिंगआधी ते भोक अर्ध्या तासाचं काम आहे. नंतर ड्रिल शिरत नाही, स्पार्कने मारा नाहीतर नवे पॅड करा, आठवडा गेला. हे पॅड ज्यात बसतात ते फिक्स्चर लाल साखळीत होतं. म्हणून उत्तरात लिहिलं: गुरुवार संध्याकाळपर्यंत होकार आला तर शून्य दिवस, त्यानंतर एक आठवडा.

दोन भोकांसाठी हेड पुन्हा करायला सहा आठवडे. ते लिहिलं, आणि सोबत दुसरा पर्याय दिला: मशिन ठरल्या तारखेला देतो, बाजूला एक फेस मशिनिंग करून ठेवतो, पॅनेलमध्ये पीएलसीचे इनपुट-आउटपुट मोकळे सोडतो, आणि दोन भोकांचं वेगळं युनिट मशिन गेल्यानंतर सहा आठवड्यांनी तुमच्याकडे येऊन बसवतो. तोवर ती भोकं तुमच्या बेंच ड्रिलवर जिगने मारा, जिग आम्ही देतो. प्रत्येक पर्यायापुढे दिवस आणि रुपये.

आप्पासाहेबांनी कागद वाचला, चष्मा काढला. “हे आधी कुणी असं सांगितलं नव्हतं बघ. सहा आठवडे मला परवडत नाहीत, मशिन आधी दे.” बुधवारी सही झाली. सोमवार ते बुधवार आम्ही फक्त हेडची असेंब्ली थांबवली होती, बाकी सगळं चालू होतं. हे दोन दिवसही लाल साखळीतलेच, ते कागदात मोजून लिहिले होते. शनिवार-रविवारी जादा काम करून भरून काढले. विचार चालू आहे म्हणून अख्खं काम थांबवणारे मी पाहिलेत. गिऱ्हाईक आठवडाभर विचार करतं आणि तो आठवडा आपल्या नावावर पडतो.

सेन्सर घेतल्यावर पॅनेलची पट्टी फळ्यावर सरकवली, पुढे एकच आठवडा मोकळा दिसत होता. बाराव्या आठवड्यात त्यांच्या मेंटेनन्सवाल्यांनी पॅनेलमध्ये आणखी एक बदल मागितला, पाच दिवसांचा. एरवी तो सहज बसला असता. आता बसला, पण काठावर. नव्याने धंद्यात आलेल्या मुलांना मी हे मुद्दाम सांगतो: पहिली मागणी सवड खाते आणि दंड तिसऱ्या मागणीला बसतो, म्हणून प्रत्येक होकारानंतर पट्ट्या हलवा. जुन्या फळ्यावर नवी मागणी तपासली तर उत्तर चुकणारच.

ह्या पद्धतीनेही चुका होतात. बाहेरच्या मालाला पुरवठादार तीन आठवडे म्हणतो आणि पाच लावतो. ऑगस्ट 2019 च्या महापुरात हायवे बंद होता, तेव्हा सगळ्या पट्ट्या एकदम सरकवल्या. पण उशीर कशाने झाला हे तेव्हा गिऱ्हाइकाला फळ्यावर दाखवता आलं आणि कुणीही आमचा दंड कापला नाही.

तात्या आता रोज येत नाहीत. खंडेनवमीला येतात, स्क्रेपर स्वतःच्या हाताने पुसून पूजेत ठेवतात, मग फळ्यासमोर उभे राहून पिवळ्या चिठ्ठ्या वाचतात. तारण ठेवलेली जमीन 2013 ला सोडवली. आप्पासाहेबांकडे आमची सात मशिनं चालू आहेत. आणि त्या 22 लाखांच्या मशिनचे शेवटचे 10 टक्के, 2 लाख 20 हजार, अजून यायचे आहेत. मशिन दोन शिफ्टमध्ये चालतं, दहा भोकं मारतं.