काळे, कासार आणि क्षीरसागर : संदर्भसूची लावताना

प्रबंध मराठीत, विषय लोकदैवतांचा. संदर्भसूचीत 186 नोंदी झाल्या होत्या आणि त्यांतल्या 112 देवनागरीत. सगळ्या मी एका साध्या मजकूर फाइलीत ठेवल्या होत्या, ओळीला एक नोंद. पायथनने ती क्रमाने लावली तेव्हा वर सगळी इंग्रजी पुस्तकं आली, खाली सगळी मराठी. दोन गट आपसूक पडले म्हणून मी निर्धास्त झाले. मार्गदर्शक मॅडमनी मात्र दुसऱ्याच पानावर पेन्सिल टेकवली. ‘काळे आधी आणि कासार नंतर, हे कसं?’

संगणक अक्षरं वर्णमालेने नव्हे, युनिकोडमधल्या क्रमांकाने लावतो. तिथे ळ हा ल आणि व यांच्यामध्ये बसवलेला आहे. आपण शाळेत ‘ह, ळ, क्ष, ज्ञ’ असं म्हणत आलो, त्यामुळे कासार आधी आणि काळे नंतर हवा. क्ष तर युनिकोडमध्ये स्वतंत्र अक्षरच नाही. तो क, हलन्ताचं चिन्ह आणि ष असा तीन तुकड्यांत साठवला जातो. म्हणून माझे क्षीरसागर ‘क’च्या शेवटी, खरे यांच्या आधी जाऊन बसले होते. काही कोशांत क्ष ‘क’खालीच देतात, तेही चूक नाही. मी वर्णमालेचा क्रम धरला आणि सूचीच्या डोक्यावर तसं एका ओळीत लिहिलं.

उपाय छोटा निघाला. युनिकोडमध्ये ह आणि काना यांच्यामध्ये काही जागा आहेत, ज्यांवरची चिन्हं मराठी आडनावांत येत नाहीत. फक्त क्रम लावण्यापुरती ही तीन अक्षरं तिकडे हलवायची. नोंदीचा मूळ मजकूर तसाच राहतो.

```python
def kram(s):
    s = s.replace("क्ष", "\u093B")
    s = s.replace("ज्ञ", "\u093D")
    return s.replace("ळ", "\u093A")

yadi.sort(key=kram)
```

काशिद, कासार, काळे असे ओळीने उभे राहिले आणि क्षीरसागर सूचीच्या टोकाला गेले. तरीही एक शिंदे क्षीरसागरांच्याही खाली लोंबकळत होते, बाकीचे शिंदे आपल्या जागी. डोळ्यांना काहीच फरक दिसेना. शेवटी आडनावं एक्सेलमध्ये टाकून `=LEN(A2)` लावलं. श, वेलांटी, अनुस्वार, द, मात्रा अशी पाच चिन्हं यायला हवीत; या शिंद्यांची सहा भरली. पीडीएफमधून उचलताना नावाच्या आधी एक न दिसणारं चिन्ह आलं होतं. हाताने नाव पुन्हा टाइप केल्यावर ते आपल्या घरी परतले. पंडित आणि पण्डित यांचंही असंच. एका पुस्तकावर अनुस्वार, दुसऱ्यावर जोडाक्षर, आणि सूचीत मध्येच पटवर्धन येऊन बसलेले. नोंदीत छापील रूपच ठेवलं, क्रमासाठी मात्र दोन्हीकडे अनुस्वार धरला.

मॅडमशी खरी चर्चा झाली ती विभागांवर. भाषेनुसार करायचे की लिपीनुसार? इरावती कर्वे यांचं ‘युगान्त’ 1967 चं, मराठीत. आणि ‘किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया’ 1953 चं, इंग्रजीत. वाचकाला मजकुरात (कर्वे 1967) दिसलं तर तो देवनागरी विभागात जाईल, (Karve 1953) दिसलं तर रोमनमध्ये. म्हणजे कंसातली लिपीच वाट दाखवते. म्हणून मी लिपी धरली. हिंदी पुस्तकं मराठीतच मिसळली, परदेशी लेखकांचे मराठी अनुवादही देवनागरीत ठेवले. एकच लेखिका दोन ठिकाणी विभागली जाते, हे मला खटकत होतं. म्हणून दोन्हीकडे ‘रोमन विभागही पाहा’, ‘देवनागरी विभागही पाहा’ अशी ओळ टाकली.

पुढे त्याच कामावर इंग्रजी लेख लिहिला, तेव्हा एपीए शैलीमुळे सगळं एका रोमन यादीत आणावं लागलं. त्या शैलीत मूळ शीर्षकाचं लिप्यंतर द्यायचं आणि पुढे चौकटी कंसात त्याचा इंग्रजी अर्थ. शीर्षकं मी चिन्हांसह लिहिली, `Yugānta` अशी. आडनावांचंही तसंच करायला गेले आणि रा. चिं. ढेरे `Ḍhere` होऊन थेट `Zelliot`च्या खाली गेले, कारण टिंबवाल्या अक्षरांचे क्रमांक z च्या पुढचे. शिवाय काटेकोर लिप्यंतरात केळकरांचं `Keḷakara` होतं, आणि त्यांच्या इंग्रजी पुस्तकावर `Kelkar` छापलेलं असतं. एका माणसाची दोन माणसं होतात. म्हणून आडनाव लेखक स्वतः इंग्रजीत लिहितो तसंच ठेवलं, जिथे तसं सापडलं नाही तिथे चिन्हांविना साधं रूप घेतलं. ढेरे `Deshpande` नंतर आले, आणि `Karve`ची दोन्ही पुस्तकं एकाखाली एक, 1953 आधी, 1967 नंतर.