राखीव एक लाख ऐंशी हजारांचा हिशेब

जुन्या इमारतीतील घराच्या नूतनीकरणाचे काम मी घेते तेव्हा अंदाजपत्रकात कामांच्या बेरजेखाली एक वेगळी ओळ लिहिते: अनपेक्षित खर्चासाठी राखीव. नव्या इमारतीतील घराला मी या ओळीत पाच ते सात टक्के धरते. परंतु पस्तीस वर्षांपूर्वीच्या इमारतीत, जिथे नळ भिंतीत गाडलेले असतात आणि न्हाणीघराच्या जमिनीखाली काय आहे हे कोणीच सांगू शकत नाही, तिथे पंधरा टक्क्यांहून कमी धरण्यास मी तयार नसते. ठाण्यातील ज्या दोन बेडरूमच्या घराविषयी लिहीत आहे, त्याच्या कामांची बेरीज 12,00,000 रुपये होती आणि राखीव रक्कम 1,80,000. मालक बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ. मी त्यांना काका म्हणत असे. कोणत्याही परिस्थितीत 14,00,000 च्या वर जायचे नाही, असे त्यांनी पहिल्याच बैठकीत बजावले होते. म्हणजे राखीव धरूनही 20,000 मोकळे राहत होते.

राखीव रकमेला हात कधी लावायचा, हे आम्ही करारातच लिहून ठेवले होते. जी गोष्ट तोडफोडीपूर्वी दिसणे शक्य नव्हते आणि जी केल्याशिवाय पुढचे काम टिकणार नाही, तिच्यासाठीच ती रक्कम वापरायची. फोटो, दर आणि मालकांची सही झाल्याशिवाय मजुरांनी त्या कामाला सुरुवात करायची नाही. मनपसंतीच्या बदलांचे पैसे मात्र दुसऱ्या कुठल्या तरी कामातून किंवा त्या मोकळ्या वीस हजारांतून यावेत, असे ठरले होते.

तोडफोडीच्या दुसऱ्या आठवड्यात मुकादमाने मला साइटवर बोलावून घेतले. बेडरूमला लागून असलेल्या न्हाणीघराचे वॉटरप्रूफिंग पुन्हा करायचे हे अंदाजपत्रकात होतेच, कारण खालच्या घराच्या छताला तिथे ओल आली होती. बाहेरचे न्हाणीघर मात्र कोरडे समजून तिथे केवळ टाइल्स बदलण्याचे ठरले होते. त्याच न्हाणीघराची टाइल निघाल्यावर खालचा विटांच्या तुकड्यांचा भराव चिंब भिजलेला सापडला. जमिनीतल्या सांडपाण्याच्या तोंडाशी बसवलेल्या नहाणी ट्रॅपचा सांधा सुटला होता. न्हाणीघराचा स्लॅब साधारण फूटभर खाली घेतलेला असल्याने तो हौदासारखा पाणी धरून ठेवतो, आणि खालच्या घरात त्या न्हाणीघराच्या नेमके खाली फॉल्स सीलिंग होते, त्यामुळे डाग कोणालाच दिसला नव्हता. शिवाय भिंतीतून येणारा जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप कापल्यावर तो आतून गंजाने इतका भरलेला निघाला की पाणी जायला अगदी थोडी जागा उरली होती.

मुकादमाने तिथेच अंदाज सांगितला. भराव उपसून राडारोडा नेण्यास 12,000, नवे वॉटरप्रूफिंग व कोबा 28,000, ड्रेनेजचे पाइप व ट्रॅप 16,000, आणि जीआय काढून सीपीव्हीसी या प्लास्टिकच्या पाइपची लाइन टाकण्यास 21,000, असे एकूण 77,000 होत होते. हे दर मी आमच्या मूळ ठेक्यातील दरांशी ताडून पाहिले, कारण अडलेल्या वेळी सांगितलेला आकडा बहुधा फुगलेला असतो. येथे तो तसा नव्हता. काकांनी सही केली आणि राखीव रकमेत 1,03,000 उरले.

खरा प्रश्न त्याच दुपारी उभा राहिला. काकू टाइल्सच्या दुकानातून आल्या होत्या आणि त्यांना दोन बाय दोनऐवजी दोन बाय चार फुटांच्या टाइल्स आवडल्या होत्या. काका म्हणाले, "मॅडम, आतापर्यंत दोन लाख चाळीस हजारच गेले आहेत, आणि राखीवमध्ये अजून लाखाच्या वर आहेत. मग अडचण कसली?"

घराच्या कामात बजेट चुकते ते बहुतेक वेळा याच हिशेबाने. दिलेले पैसे म्हणजे झालेला खर्च नव्हे. माझ्या तक्त्यात प्रत्येक कामापुढे मूळ अंदाज, ठरलेला ठेका, दिलेली रक्कम आणि काम पूर्ण होईपर्यंत लागणारी एकूण रक्कम असे रकाने असतात, आणि मी पाहते तो शेवटचा. त्या दिवशी दिलेली रक्कम जरी 2,40,000 असली, तरी किचन, खिडक्या, प्लंबिंग, वीज आणि तोडफोड मिळून 6,85,000 चे ठेके झालेले होते; त्यांत ॲडव्हान्स देऊन बसल्यामुळे मागे फिरता येत नव्हते. न ठरलेली कामे 5,15,000 ची होती. त्यात सकाळचे 77,000 मिळवले की घर 12,77,000 वर पोहोचत होते, तेही पुढे काहीच निघाले नाही तर.

टाइल्सचा फरक मी काकूंसमोरच मांडला. तुटफूट धरून 572 चौरस फूट माल, चौरस फुटाला 35 रुपये जास्त, म्हणजे 20,020. मोठी टाइल बसवण्याची मजुरी 520 चौरस फुटांना 10 रुपयांनी जास्त, म्हणजे 5,200. दुकानदार फक्त पहिला आकडा सांगतो. राखीव रकमेतून हे 25,220 देण्यास मी नकार दिला, कारण दुसऱ्या न्हाणीघराचा भराव अजून उघडायचा होता आणि जमिनीच्या पातळ्याही तपासायच्या होत्या. काकूंना ते रुचले नाही, हे स्पष्ट दिसत होते. अखेर काकांनीच मार्ग काढला: माळ्यांच्या दारांचे 18,000 तूर्त वगळायचे आणि उरलेले 7,220 मोकळ्या वीस हजारांतून द्यायचे. बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाला एका खात्यातून दुसऱ्या खात्यात टाकलेली नोंद पटकन पटते.

त्यानंतर दोन्ही न्हाणीघरांत पाणी भरून दोन दिवस ठेवले. शेजारी पाण्याची उघडी बादली ठेवण्याची माझी पद्धत आहे. दोन्हीकडची पातळी सारखीच उतरली तर ते बाष्पीभवन, न्हाणीघरातली जास्त उतरली तर गळती. आतल्या न्हाणीघराची पातळी जास्त उतरली. ट्रॅपचा बूच घट्ट असल्याची खात्री करून पुन्हा पाहिले, तरीही तेच. भिंत आणि जमीन यांच्या कोपऱ्यातील गोलाई नीट भरली नव्हती. ही दुरुस्ती ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने केली. राखीव रक्कम घरात दडलेल्या दोषासाठी असते, नव्याने झालेल्या कच्च्या कामासाठी नव्हे. हा भेद ठेवला नाही तर प्रत्येक ठेकेदार तिच्याकडे बोट दाखवू लागतो.

पुढे राखीव रकमेतून आणखी तीन नोंदी झाल्या. हॉल आणि बेडरूमच्या पातळीत फरक निघाल्याने जादा मसाल्याचे 11,000, खिडकीखालच्या बाहेरच्या भिंतीतील ओल थांबवण्याचे 14,000, आणि विजेच्या पाच आवश्यक पॉइंटचे 4,250. पॉइंट मी वायरसाठी भिंतीत झिरी मारण्यापूर्वी, भिंतीवर खडूच्या खुणा झाल्या की मोजते, कारण वायर गेल्यावर वाद घालून उपयोग नसतो. जमिनीखालचे आणि भिंतीतले सगळे बंद झाल्यावर राखीव रकमेत 73,750 शिल्लक होते. उरलेल्या सुतारकाम आणि रंगकामाला एवढ्याची गरज नव्हती, म्हणून माळ्यांची दारे त्यातून परत घेतली आणि बाकीची रक्कम चावी देईपर्यंत तशीच ठेवली. शेवटचा आकडा 13,31,470 झाला. काकांनी प्रत्येक बिल माझ्या तक्त्याशी जुळवून पाहिले आणि सात रुपयांचा फरक काढून दिला. तो कुरिअरचा निघाला.