सम सापडते कशी?

"गाणं ऐकताना सगळे एकदमच मान डोलावतात, त्यांना सम आली हे कळतं कसं?"

बोटांवर मोजून नाही, एवढं आधी सांगते. मीही बरेच दिवस एक ते सोळा मोजत बसायचे, तान सुरू झाली की सातावर होते का नवावर हेच विसरायचे, आणि मोजण्याच्या नादात गाणं ऐकायचं राहूनच जायचं.

माझं काम झालं ते डग्ग्यामुळे. मध्यलयीतला तीनताल घ्या, १६ मात्रांचा. धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, धा तिं तिं ता, ता धिं धिं धा. धा आणि धिं मध्ये डाव्या हाताचा घुमारा असतो, तिं आणि ता मध्ये तो नसतो, नुसता उजवा वाजतो. म्हणजे दहाव्या मात्रेपासून तेराव्यापर्यंत खालचा आवाज गायब, आणि चौदाव्याला तो परत येतो. आला की धिं धिं धा, एवढ्या तीनच मात्रा, आणि लगेच सम. सोळा कशाला मोजायच्या, तीन मोजा! (खाली नववीला असते हे खरं, पण हा ठेका वाजवताना तिथेही धा येतो, म्हणून कानाला रिकामेपण एक मात्रा उशिरा जाणवतं.)

आता फसायला होतं ते मुखड्यापाशी. तीनतालातल्या बऱ्याच चीजा खालीपासून, म्हणजे नवव्या मात्रेपासून उठतात, आठ मात्रा चालून मग समेवर जोराचा शब्द येतो. नवख्याला वाटतं गाणं जिथून उठलं तिथेच सम. मी एकदा बैठकीत पुढे बसून चांगली दहा मिनिटं अशी बरोब्बर आठ मात्रा चुकून मान हलवत होते, शेजारच्या काकूंनी शेवटी हळूच माझ्या मांडीवर टाळी धरून दाखवली. चूक ओळखायची कशी, तर तुम्ही मान हलवल्यावर लगेच डग्गा गप्प झाला तर ती खाली होती, घुमत राहिला तर सम.

हे सगळं तबलजी साधा ठेका धरून असतो तोवरच. तो भरून वाजवायला लागला की डग्गा कुठेही घुमतो, तेव्हा मुखडाच धरायचा. आणि तबला सोलो असेल तर तबल्याकडे बघूच नका, हार्मोनियम किंवा सारंगीवर जो लेहरा सतत फिरत असतो तो पकडा, आवर्तन तोच सांभाळतो.

रूपकात मात्र माझी युक्ती साफ उलटी पडते. सात मात्रा, तिं तिं ना, धिं ना, धिं ना, आणि सम त्या पहिल्या तिं वर, म्हणजे समेवरच डग्गा नाही! तिथे मी धिं ना दोनदा ऐकते आणि पुढच्या तिं ला मान हलवते.