चौदा सेंटिमीटरला हरवणाऱ्या फ्रिंजा

सकाळी अकराला घेतलेलं रीडिंग दुपारी बाराला जुळेना. मायकेलसन इंटरफेरोमीटरला कुणी हात लावलेला नव्हता, टेबलही कुणी हलवलेलं नव्हतं. प्रयोग साधाच: हेलियम-निऑन लेसर, मध्ये बीम स्प्लिटर, एक आरसा जागेवर पक्का आणि दुसरा रेल्वर सरकणारा. हा आरसा एकेक सेंटिमीटर मागे न्यायचा, म्हणजे प्रकाश जाऊन परत येत असल्यामुळे दोन झोतांच्या वाटांमधला फरक, म्हणजे पथांतर, दोन-दोन सेंटिमीटरने वाढतं, आणि दोन्ही झोत एकत्र येऊन पडद्यावर उमटणाऱ्या काळ्या-उजळ पट्ट्या, म्हणजे फ्रिंजा, प्रत्येक ठिकाणी किती ठळक आहेत ते मोजायचं.

मोजण्यासाठी पडद्याला बारीक छिद्र पाडून त्यामागे फोटोडायोड ठेवला होता. आरशाचा पाया बोटाने अगदी हलका दाबला की छिद्रावरून एकेक फ्रिंज सरकते. त्यातलं सर्वांत मोठं आणि सर्वांत लहान व्होल्टेज टिपायचं. त्यांच्या वजाबाकीला बेरजेने भागलं की फ्रिंजांची स्पष्टता मिळते. पूर्ण काळं-उजळ असेल तर 1, सगळं एकसारखं करडं असेल तर 0.

पथांतर 14 सेंटिमीटर असताना अकराला आलं 2.3 आणि 1.9 व्होल्ट. स्पष्टता जेमतेम 0.1. वहीत शेरा पडला: ‘सुसंगती-लांबी संपली.’ म्हणजे ज्या पथांतरापलीकडे फ्रिंजा उमटतच नाहीत ती हद्द आली. पुस्तकी हिशोबही जवळपास तेच सांगतो. निऑनच्या 632.8 नॅनोमीटरच्या रेषेची रुंदी सुमारे 1.5 गिगाहर्ट्झ, प्रकाशाच्या वेगाला तिने भागलं की 20 सेंटिमीटर. त्यामुळे कुणाला शंका यायचं कारण नव्हतं.

बाराला त्याच जागी 3.8 आणि 0.4 व्होल्ट. स्पष्टता 0.8.

“सर, अलाइनमेंट हलतंय,” असं विद्यार्थी म्हणाला, आणि पहिला संशय तिकडेच जायला हवा. पण दोन्ही रीडिंगांची बेरीज पाहा: 2.3 अधिक 1.9 म्हणजे 4.2, आणि 3.8 अधिक 0.4 म्हणजेही 4.2. आरसा तिरका होऊन एक झोत बाजूला गेला असता, तर छिद्रावर पडणारा प्रकाशच कमी झाला असता. खात्रीसाठी एकेक भुजा कार्डाने झाकून पाहिली. दोन्ही भुजांतून वेगवेगळा 1.05 व्होल्टच येत होता. कंपनामुळे फ्रिंजा पुसट होतात तेव्हा ऑसिलोस्कोपवर व्होल्टेज थरथरताना दिसतं. इथे रेघ शांत होती. म्हणजे प्रकाश तितकाच, झोत जागेवर, नुसती काळ्या-उजळातली तफावत गेली आणि परत आली.

आणखी एक गोष्ट छिद्राकडे दहा मिनिटं नुसतं बघत बसल्यावर दिसली. फ्रिंजा अगदी सावकाश एका बाजूला सरकत होत्या. साधारण अर्ध्या फ्रिंजेइतक्या सरकल्या की फिकट पडायच्या, जवळजवळ नाहीशा व्हायच्या, आणि पुन्हा उमटायच्या त्या जिथून निघाल्या होत्या तिथेच. फेरीमागून फेरी तेच.

याचं मूळ लेसरच्या नळीत आहे. आमच्या छोट्या ट्यूबमध्ये आरशापासून आरशापर्यंतचं अंतर 14 सेंटिमीटर. एवढ्या अंतरात उभ्या लहरी मावायच्या तर वारंवारता हवी ती चालत नाही; ज्या ठरावीक वारंवारता चालतात त्यांना मोड म्हणतात, आणि शेजारच्या दोन मोडमध्ये प्रकाशाचा वेग भागिले दुप्पट लांबी, म्हणजे 1.07 गिगाहर्ट्झचं अंतर पडतं. निऑनच्या 1.5 गिगाहर्ट्झच्या रुंदीत असे कधी एक तर कधी दोन मोड बसतात. लेसर एकरंगी म्हणायचा, पण प्रत्यक्षात कितीतरी वेळ त्यातून दोन रंग निघत असतात.

प्रत्येक मोड आपापल्या फ्रिंजा काढतो. पथांतर शून्य असेल तेव्हा दोघांच्या फ्रिंजा एकमेकांवर तंतोतंत बसतात. पथांतर वाढेल तशा त्या एकमेकींपासून निसटत जातात. 7 सेंटिमीटरला पाव फ्रिंज निसटलेली असते, आणि दोन्ही मोड सारख्या ताकदीचे असतील तर स्पष्टता 0.71 उरते. 14 सेंटिमीटरला निसट बरोबर अर्ध्या फ्रिंजेची होते: एकाची उजळ पट्टी दुसऱ्याच्या काळीवर पडते आणि सगळं करडं होतं. फ्रिंजा नाहीशा झालेल्या नसतात. दोन संच एकमेकांना झाकून टाकतात.

आता वेळेचं कोडं. ट्यूब तापते तशी तिची काच लांबते, आणि लांबी अर्ध्या तरंगलांबीने, म्हणजे 0.32 मायक्रोमीटरने वाढली की एक मोड सरकून शेजारच्या मोडच्या जागी येतो. बोरोसिलिकेट काचेच्या 14 सेंटिमीटर ट्यूबला त्यासाठी साधारण 0.7 अंश तापमान वाढलं की पुरे. लेसर लावल्या-लावल्या ही फेरी काही सेकंदांत होते, तास-दीड तासाने तिला कित्येक मिनिटं लागतात. फेरीच्या मध्यावर एकच मोड जोरात असतो, तेव्हा फ्रिंजा ठळक. एक मोड मावळतीला आणि दुसरा उगवतीला अशी वेळ आली की दोघे सारखे होतात, आणि 14 सेंटिमीटरला करडं. अकराचं रीडिंग अशा अदलाबदलीच्या क्षणी पडलं होतं, बाराचं मध्यावर. अर्धी फ्रिंज सरकून मागे येणं हेही तेच: जुना मोड अर्धी फ्रिंज पुढे गेलेला असतो आणि नवा मोड मूळ जागेपासून सुरुवात करतो.

याची परीक्षा घ्यायची सोय या प्रकारच्या ट्यूबमध्ये आयतीच असते. ध्रुवणाची सक्ती नसलेल्या ट्यूबमध्ये शेजारचे दोन मोड सहसा एकमेकांना काटकोनात ध्रुवित असतात, आणि त्या दोन दिशा ट्यूबपुरत्या ठरलेल्या असतात. लेसरसमोर पोलरायझर धरला आणि मागच्या प्रकाशाची चढ-उतार सर्वांत मोठी दिसेपर्यंत तो फिरवला. मग ट्यूब क्लॅम्पमध्ये वळवून ती दिशा उभी केली, म्हणजे बीम स्प्लिटर दोन ध्रुवणांना वेगळं वागवतो त्याचा त्रास होत नाही. आता इंटरफेरोमीटरमध्ये एका वेळी एकच मोड जात होता. 14 सेंटिमीटरला तासभर रीडिंग घेतलं. प्रकाश कमी-जास्त झाला, मधून काही वेळ तर आलाच नाही, कारण आपला मोड रुंदीबाहेर गेला की पुढचा त्याच ध्रुवणाचा मोड यायला वेळ लागतो. पण प्रकाश असेपर्यंत स्पष्टता खाली आली नाही.

पोलरायझर काढून आरसा आणखी 7 सेंटिमीटर मागे नेला. पथांतर 28, म्हणजे ट्यूबच्या दुप्पट. इथे दोन्ही मोडमधली निसट एक पूर्ण फ्रिंज होते आणि संच पुन्हा एकमेकांवर बसतात. फ्रिंजा परत आल्या आणि मोडांची अदलाबदल चालू असतानाही टिकल्या. ‘सुसंगती-लांबी संपली’ असा शेरा मारलेल्या जागेच्या दुप्पट अंतरावर.

सोडियमच्या दिव्यावर हेच रोज दिसतं, फक्त लहान मापात. त्याच्या 589.0 आणि 589.6 नॅनोमीटरच्या दोन रेषा पथांतर 0.29 मिलिमीटरला फ्रिंजा पुसतात, 0.58 ला परत आणतात. तिथे मात्र प्रत्येक रेषा स्वतःही रुंद असते, त्यामुळे दर परतीला फ्रिंजा आधीपेक्षा फिकट येतात आणि शेवटी येतच नाहीत. सुसंगती-लांबी खऱ्या अर्थाने संपते ती तेव्हा. लेसरच्या एकेका मोडची रुंदी इतकी कमी की आमच्या रेल्वर ते टोक गाठता येणं शक्य नव्हतं.

प्रयोगाच्या सूचनांमध्ये त्या दिवशी तीन ओळी वाढल्या. लेसर लावल्यावर तासभर थांबा. आरशांवरून परतणारा ठिपका लेसरच्या तोंडावर नेमका पडू देऊ नका, दोन-तीन मिलिमीटर बाजूला ठेवा; परत आत शिरणारा प्रकाश मोडांना चाळवतो आणि वरचा सगळा हिशोब बिघडतो. आणि प्रत्येक पथांतराला एक रीडिंग न घेता मोडांची एक फेरी पुरी होईपर्यंत थांबा, त्यातली सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त स्पष्टता दोन्ही लिहा. ट्यूबवर मार्करने ‘14 सें.मी.’ लिहून ठेवलंय.