आयरेसिंगमध्ये एसआर वर काढताना मला मॅचमेकिंग कसं कळत गेलं

आयरेसिंग या ऑनलाइन कार रेसिंगच्या सिम्युलेटरवर नवीन आलेला प्रत्येक जण एक गोष्ट धरून चालतो, मीही तेच धरून चाललो होतो, की सेफ्टी रेटिंग म्हणजे एसआर चांगला झाला की आपल्याला चांगली, नीट चालवणारी माणसं मिळतील. तसं नाहीये. एसआर आणि आयरेटिंग, म्हणजे रेसच्या निकालांवरून ठरणारा कौशल्याचा आकडा, हे दोन पूर्ण वेगवेगळी कामं करतात आणि रेसमध्ये तुमच्या शेजारी कोण येणार हे एसआर ठरवतच नाही. हे नीट समजलं त्यानंतरच माझा एसआर खऱ्या अर्थाने वर जायला लागला, म्हणून आधी तेच सांगतो.

एसआरमुळे लायसन्स मिळतं. रूकी, मग डी, सी, बी, ए असे वर्ग, आणि प्रत्येक वर्गात 0.00 ते 4.99 असा आकडा. नवीन माणूस रूकी 2.50 वर सुरू होतो. रूकीतून बाहेर पडायला ठरावीक रेस आणि 3.00 पुरतं, सीझन संपायची वाट बघावी लागत नाही. त्यापुढे सीझन संपताना 3.00 च्या वर असाल आणि ठरावीक रेस झालेल्या असतील तर वरचा वर्ग मिळतो, 4.00 गाठलं तर मधेच मिळतो, आणि 1.00 च्या खाली गेलात की लगेच एक वर्ग खाली. बस एवढंच. म्हणजे लायसन्स हे कुठल्या सिरीजमध्ये बसता येईल त्याचं तिकीट. एकदा त्या सिरीजमध्ये नाव नोंदवलं की पुढचं सगळं आयरेटिंगवर. समजा माझदा एमएक्स-5 च्या रेसला साठ जण आले आणि एका ग्रिडवर वीसच बसतात, तर सगळ्यांना आयरेटिंगच्या उतरत्या क्रमाने लावतात, वरचे वीस पहिल्या स्प्लिटमध्ये म्हणजे गटात, पुढचे वीस दुसऱ्यात, उरलेले तिसऱ्यात. एसआर 4.9 वाला आणि एसआर 1.2 वाला, दोघांचं आयरेटिंग 1300 च्या आसपास असेल तर शेजारी शेजारी उभे.

आता यातून आपल्याकडच्या लोकांसाठी एक थेट गोष्ट निघते. मी नाशिकला राहतो, सकाळी कामावर जायच्या आधी रेस टाकायचो तर त्या वेळी युरोप झोपलेलं असतं, माणसं कमी, मग एकच स्प्लिट बनतो आणि 900 वाला आणि 4000 वाला एकाच ग्रिडवर येतात. पुढचे दोघे तिघे दोन लॅपमध्ये दिसेनासे होतात आणि मागे गोंधळ. युरोपातली रात्रीची आठ साडेआठची वेळ म्हणजे आपल्याकडे हिवाळ्यात मध्यरात्र उलटून गेलेली असते, पण तेव्हा चार पाच स्प्लिट पडतात आणि माझ्या स्प्लिटमध्ये सगळे माझ्याच वेगाचे. शुक्रवारी शनिवारी रात्री जागून रेस करायला लागलो तो फरक प्रचंड होता, गाडी तीच, मी तोच, फक्त शेजारी बदलले. ज्यांना रात्री जागणं जमत नाही त्यांनी निदान जास्त गर्दीची सिरीज निवडावी, आवडती पण ओस पडलेली सिरीज नको.

आता एसआर मोजतात कसा. बऱ्याच जणांना वाटतं की प्रत्येक धडकेला ठरलेला दंड कापला जातो. तसं नाही, मोजतात ते कॉर्नर पर इन्सिडेंट, म्हणजे तुम्ही किती वळणं पार केलीत आणि त्यात किती पॉइंट लागले. ट्रॅकच्या हद्दीबाहेर गेलात की 1x, म्हणजे एक पॉइंट, गाडी फिरली की 2x, भिंतीला किंवा कशाला लागलात की 2x, दुसऱ्या गाडीला जोरात लागलात की 4x (डांबरी ट्रॅकवर), आणि हलका स्पर्श 0x. एकाच घटनेत बाहेर गेलात, मग फिरलात, मग कुणीतरी येऊन आदळलं, तर सगळं जोडत नाहीत, त्यातला सगळ्यात मोठा आकडा लागतो. आणि चूक कुणाची हे सिस्टिम बघत नाही, मागून येऊन ठोकलं तरी दोघांनाही 4x. यावर सगळेच चिडतात. पण कॉम्प्युटरला चूक कुणाची हे ठरवायला सांगितलं तर तो दुसऱ्या प्रकारचा अन्याय करेल, आणि शेकडो वळणांच्या सरासरीत दुसऱ्यांमुळे लागलेले पॉइंट सगळ्यांच्याच वाट्याला थोड्याफार प्रमाणात येतात. उरतो तो फरक तुमच्या स्वतःच्या ड्रायव्हिंगचा.

हे मी रिप्लेवरून तपासलं. लगुना सेका हा ट्रॅक घ्या, अकरा वळणं. समजा बारा लॅपची रेस, म्हणजे 132 वळणं. एका रेसमध्ये मला पहिल्याच लॅपला अँड्रेटी हेअरपिनला, म्हणजे दुसऱ्या वळणावर, कुणीतरी उशिरा ब्रेक मारून ठोकलं, 4x, बाकी रेस स्वच्छ. हिशोब 132 भागिले 4, म्हणजे 33 वळणांना एक पॉइंट. दुसऱ्या एका रेसमध्ये कुणीच ठोकलं नाही, मस्त रेस झाली असं वाटलं, पण चार वेळा वळणातून बाहेर पडताना चाकं बाहेर आणि एकदा गाडी फिरली, एकूण 6x. 132 भागिले 6, म्हणजे फक्त 22. ज्या रेसबद्दल मी रात्रभर चिडलो होतो तिच्यात एसआरचं कमी नुकसान आणि जी छान वाटली तिच्यात जास्त! रेसनंतर प्रत्येक पॉइंट कुठल्या वळणावर लागला ते लिहायला लागलो तेव्हा दिसलं की माझे बरेचसे पॉइंट 1x चे होते, आणि तेही दोन तीनच ठरावीक वळणांवर, आणि जास्त करून मागे गाडी चिकटलेली असताना, म्हणजे दबावाखाली थ्रॉटल लवकर उघडला की रेनी कर्व्ह या वळणाच्या बाहेरच्या बाजूला गाडी रुंद जायची.

मग उपाय सोपा होता पण करायला अवघड, त्या ठरावीक वळणांवर रेसमध्ये मुद्दाम थोडा आधी ब्रेक आणि बाहेरचा कर्ब न वापरता निघायचं, लॅपमागे एक दोन दशांश गेले तरी चालेल. प्रॅक्टिसमध्ये सगळे एकट्याने वेगवान लॅप मारत बसतात, मी त्याऐवजी सलग दहा लॅप एकही 1x न घेता करायचे असा नियम ठेवला, नववा लॅप चुकला तर परत पहिल्यापासून. प्रॅक्टिसमधले पॉइंट एसआरमध्ये धरत नाहीत पण स्क्रीनवर दिसतात, त्यामुळे मोजायला ते बरं पडतं.

पहिला लॅप हा वेगळाच विषय. 4x बहुतेक तिथेच लागतात, कारण पुढची गाडी नेहमीपेक्षा वीसेक मीटर आधी ब्रेक लावते, तिच्या मागची आणखी आधी, आणि दहाव्या बाराव्या नंबरवर तुमचा नेहमीचा ब्रेकिंग पॉइंट म्हणजे सरळ धडक. पहिल्या वळणाला पुढच्या गाडीच्या थेट मागे न राहता अर्धी गाडी बाजूला सरकून ब्रेक करायचा, म्हणजे ती अचानक थांबली तरी आपल्याला जागा असते. आणि एफ3 दाबला की रिलेटिव्हचा तक्ता येतो त्यात पुढच्या मागच्या गाड्यांचं लायसन्स आणि आयरेटिंग दिसतं, मागे खूप जास्त आयरेटिंगवाला असेल तर तो लवकर येणार हे धरून सरळ रेषेवर त्याला जाऊ द्यायचं, वळणात लाईन बदलायची नाही. एसआर अगदीच गळाठला असेल तर पिटलेनमधून सुरुवात करता येते, सगळा गोंधळ पुढे होऊन जातो आणि आपण शांतपणे वळणं जमा करतो. पण हे कायमचं करू नका, कारण गाड्यांच्या जवळ चालवायचं कसं हे त्यातून शिकता येत नाही, वर्ग वर गेला की मग तिथे जास्तच त्रास होतो.

एक गोष्ट कुणी आधीच सांगितली असती तर माझी बरीच घालमेल वाचली असती. एसआर पूर्णांक ओलांडतो तेव्हा 0.40 चं बक्षीस किंवा दंड मिळतो. 2.97 वर असाल आणि रेसमध्ये 0.08 मिळाले तर 3.05 नाही, 3.45 दिसतं. उलट 3.02 वरून 0.10 गेले तर 2.92 नाही, 2.52. माझा आकडा एका साध्या रेसनंतर एकदम एवढा खाली आला तेव्हा वाटलं सिस्टिम बिघडली. बिघडलेली नाही, ती मुद्दाम केलेली सोय आहे, म्हणजे माणूस दर रेसला 2.99 आणि 3.01 मध्ये वरखाली होत बसत नाही. म्हणून 3.00 च्या जरा वर असताना मी धोक्याची रेस टाकत नाही, आधी दोन तीन लांब आणि सोप्या ट्रॅकवरच्या रेस घेऊन अंतर वाढवतो. वळणं जास्त असलेली लांब रेस एसआरसाठी चांगली, कारण तेवढेच पॉइंट जास्त वळणांवर वाटले जातात.

आयरेटिंगबद्दल थोडक्यात. तुमची तुलना ग्रिडवरच्या प्रत्येकाशी होते, जिंकायलाच पाहिजे असं नाही. साध्या एका क्लासच्या ऑफिशियल रेसमध्ये गाडीवरचा नंबर आयरेटिंगच्या क्रमाने देतात, तुमचा नंबर 14 असेल तर त्या स्प्लिटमध्ये तुम्ही चौदावे. दहावे आलात तर साधारण वाढणार, सतरावे आलात तर कमी होणार. हे लक्षात ठेवलं की कुठल्या जागेसाठी झगडायचं आणि कुठली सोडायची हे ठरवणं सोपं होतं. नंबर 14 असताना नवव्या जागेवर आहे आणि मागचा आत घुसतोय, तर मी त्याला सोडतो, दहावा येऊनही फायदाच. गाडी तुटून पिटमध्ये बसलो तर शेवटचा, आणि आयरेटिंग आणि एसआर दोन्ही जातात. माझं आयरेटिंग जास्त करून याच सोडून देण्यामुळे वाढलं, वेग फार काही वाढला नव्हता.

सिस्टिममध्ये बदल हवा का, तर मला वाटतं एका ठिकाणी हवा. आत्ता एकट्याने रिकाम्या रस्त्यावर पार केलेलं वळण आणि दोन गाड्यांच्या मध्ये पार केलेलं वळण, दोघांना सारखंच वजन मिळतं. असेट्टो कोर्सा कॉम्पेटिझिओने या दुसऱ्या रेसिंग गेमने वेगळं केलंय, तिथे सेफ्टीचा आकडा वाढायला दुसऱ्या गाड्यांच्या जवळ राहून स्वच्छ चालवावं लागतं, मागे पडून एकटं फिरत राहिलात तर काही मिळत नाही. आयरेसिंगमध्ये असं आलं तर पिटमधून सुरुवात करून लायसन्स चढवणारे कमी होतील. स्प्लिट बनवताना एसआरही धरावा असंही बरेच जण म्हणतात, ते मला पटत नाही, कारण आपल्या सकाळच्या वेळी तर आधीच एक ग्रिड कसाबसा भरतो, त्यात आणखी एक चाळणी लावली तर रेसच होणार नाही.