लिंक्डइनवर चारशे इनव्हाइट पाठवून माझी झालेली फजिती

सांगायला सुरुवात स्कोअरपासूनच करतो कारण डोकं तिथूनच फिरलं. आमच्या साहेबांनी एका सोमवारच्या मीटिंगमध्ये फर्मान काढलं की आजपासून प्रत्येकाने आपला एसएसआय, म्हणजे सोशल सेलिंग इंडेक्स, स्क्रीनशॉट काढून ग्रुपवर टाकायचा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, लॉगिन करून linkedin.com/sales/ssi उघडलं की 100 पैकी मार्क दिसतात, चार भाग, प्रत्येकी 25. तुमचा ब्रँड, योग्य माणसं शोधणं, पोस्टवर बोलणं-चालणं, आणि नाती जोडणं. माझे आले 34. शेजारच्या टेबलवरच्या पोराचे 52. तो नुकताच जॉइन झालेला, मी अकरा वर्षं बारकोड प्रिंटर, स्कॅनर आणि लेबलं विकतोय. झोंबलं.

मग काय, प्रोफाइल एका संध्याकाळी उरकली. फोटो, बॅनर, अनुभव, सगळं. त्यात काही विशेष नाही, कोणीही करतं. हेडलाइनमध्ये लिहिलं 'सीनियर सेल्स मॅनेजर, सलग चार वर्षं टार्गेटच्या 120 टक्के'. मला त्याचा अभिमान होता, अजूनही आहे, पण या एका ओळीने माझं किती वाटोळं केलं ते पुढे येतंच.

आता खरी गोष्ट. मी ठरवलं की नाती जोडायची म्हणजे इनव्हाइट पाठवायच्या. सर्चमध्ये 'वेअरहाऊस मॅनेजर' टाकलं आणि जो दिसेल त्याच्या कनेक्टवर टिचकी. बसमध्ये, जेवताना, मीटिंग सुरू व्हायची वाट बघताना. गुरुवारपर्यंत शंभरच्या आसपास गेल्या आणि मग स्क्रीनवर आलं की तुमची आठवड्याची इनव्हाइटची मर्यादा संपली. आकडा लिंक्डइन कुठे स्पष्ट लिहून देत नाही, साधारण शंभर धरून चाला, आणि तो सगळ्यांना सारखा नसतो. मला तेव्हा काय वाटलं तर अभिमान! म्हटलं बघा, कोटा संपवला. पुढच्या आठवड्यात कुलूप उघडल्या उघडल्या परत तेच. असं चार आठवडे.

चौथ्या आठवड्याअखेर हिशेब काढला. गेलेल्या 387. स्वीकारलेल्या 44. त्यातले निम्मे तर माझ्यासारखेच सेल्सवाले, जे मला काहीतरी विकायला टपलेले. फोनवर बोलणं झालं ते शून्य. स्कोअर मात्र 34 वरून 61! साहेबांनी ग्रुपवर अंगठा दिला.

आणि मग पाचव्या आठवड्यात एका माणसाला कनेक्ट दाबलं तर समोर खिडकी, यांचा ईमेल पत्ता टाका. आधी वाटलं त्या माणसाचीच सेटिंग असेल, कारण काही लोक तशी ठेवतात. दुसऱ्याला दाबलं, तेच. तिसऱ्यालाही तेच. म्हणजे अडवलं मला होतं. झालं काय होतं, तर इनव्हाइट नाकारताना समोरच्याला 'मी या माणसाला ओळखत नाही' असंही सांगता येतं, आणि असं बऱ्याच जणांनी सांगितलं किंवा इनव्हाइट नुसत्याच पडून राहिल्या की लिंक्डइनला तुमचा संशय येतो. मग ईमेल माहीत असेल तरच पाठवा म्हणतं. अहो, ईमेल माहीत असता तर मी ईमेलच नसता का केला? मदतीच्या पानावर दोनदा लिहिलं, दोन्ही वेळा तेच ठरीव उत्तर, की ओळखीच्या लोकांनाच इनव्हाइट पाठवा. इतका राग आला की ॲप काढून टाकलं. दुसऱ्या दिवशी परत टाकलं, कारण सोमवार होता आणि स्क्रीनशॉट द्यायचा होता.

त्याच आठवड्यात एका जुन्या गिऱ्हाइकाकडे गेलो होतो, गोदामाचे मॅनेजर, चांगली ओळख. सहज विचारलं, साहेब तुम्हालाही पाठवली होती की इनव्हाइट, बघितली नाही का. ते हसले आणि मोबाइल काढून त्यांची इनव्हाइटची यादीच माझ्यासमोर धरली. वर सत्तर-ऐंशी नावं साचलेली. प्रत्येकाचा छोटा गोल फोटो, नाव, आणि खाली हेडलाइनची सुरुवात, पुढचं कापलेलं. बस एवढंच. माझं नाव सापडायला वेळ लागला, आणि खाली दिसत होतं 'सीनियर सेल्स मॅनेजर, सलग चार वर्षं टार्गे…'

ते म्हणाले, "तुम्ही आहात हे फोटोवरून कळलंच नाही मला. आणि हे टार्गेट वाचलं ना, की वाटतं आता हे टार्गेट आमच्याच खिशातून पुरं करणार."

अकरा वर्षांत इतकं खरं मला कोणी सुनावलं नव्हतं. ती ओळ नोकरी देणाऱ्याला दाखवायची, माल घेणाऱ्याला नाही. हेडलाइनला 220 अक्षरं मिळतात, पण इनव्हाइटच्या यादीत त्यातली सुरुवातीचीच दिसतात, म्हणून कामाचं जे काही आहे ते तिथेच यायला हवं. माझी आता आहे 'गोदामातली लेबलं गळतात, पुसतात, स्कॅन होत नाहीत, ते बंद करतो' आणि हुद्दा त्याच्यानंतर. 'अबाउट'मध्येही पहिल्या दोन-तीन ओळीच उघड्या दिसतात, तिथे कंपनीचा इतिहास होता तो काढला आणि लिहिलं की थर्मल लेबल उन्हात किंवा गरम मशीनजवळ काळं पडतं, तिथे रिबनवालं का लागतं. ज्याला तो त्रास आहे तो पुढे वाचतो.

मग साचलेलं उपसणं. 'माय नेटवर्क'मध्ये जाऊन 'मॅनेज', तिथे 'सेंट'. सव्वातीनशे पडून होत्या. एकेकावर विथड्रॉ, मग 'नक्की का' अशी खिडकी, परत विथड्रॉ. एक अख्खा रविवार गेला, घरात कोणाशी नीट बोललो नाही. आणि ती खिडकीच सांगते की परत घेतलीत तर याच माणसाला तीन आठवडे पुन्हा पाठवता येणार नाही. म्हणून ज्यांच्याशी खरंच कधी बोलणं झालं होतं अशा नऊ जणांच्या तशाच ठेवल्या. हे विसरू नका, मी सुरुवातीला दोन चांगली नावं झरझर उडवून बसलो. ती ईमेलची अट पुढे कधीतरी आपोआप गेली, नक्की कशामुळे ते कोणी कळवलं नाही.

हो, एक राहिलंच. 'तुम्ही यांना ओळखत असाल' म्हणून जी यादी येते ना, तिथलं कनेक्ट दाबू नका, ते काही न विचारता सरळ पाठवून टाकतं. प्रोफाइल उघडून तिथून पाठवलं तर नोट जोडायची सोय मिळते. फुकटच्या अकाउंटवर नोट महिन्याला मोजक्याच मिळतात, म्हणून त्या जपून, ज्याच्याशी आधी कमेंटमध्ये बोलणं झालंय त्याच्यासाठीच.

आता आठवड्याचं वेळापत्रक सांगतो, फार मोठं नाहीये. एका शीटमध्ये चाळीस नावं, त्याहून जास्त नाही, आणि एक रकाना 'शेवटचं काय बोलणं झालं'. सोमवारी वीस मिनिटं या चाळीसांची ॲक्टिव्हिटी बघायची. गोदामवाले स्वतः पोस्ट फारशी टाकत नाहीत, म्हणून लोक म्हणतात आमचं गिऱ्हाईक लिंक्डइनवर नाहीच. पण प्रोफाइलवर ॲक्टिव्हिटीमध्ये कमेंट्सचा वेगळा भाग असतो, तो उघडा, माणूस तिथे सापडतो. वर्षभरात तिथेही काही नसेल तर शीटमधून काढा आणि सरळ फोन करा, त्याच्यावर लिंक्डइनचा वेळ घालवू नका. मंगळवार-बुधवार कमेंट, गुरुवारी एक पोस्ट, शुक्रवारी जास्तीत जास्त दहा इनव्हाइट आणि तीन आठवड्यांहून जुन्या पडून असतील त्या परत घेणं. सगळं मिळून आठवड्याला तीन तास.

याने होतं काय, ते एकाच उदाहरणाने सांगतो. शीतगृहाचं काम बघणारे एक गृहस्थ माझ्या चाळीसात होते, स्वतःची पोस्ट एकही नाही. कमेंट्समध्ये मात्र दिसलं की कोणाच्यातरी पोस्टखाली त्यांनी लिहिलंय, आमच्याकडे चुकीचा माल जातो कारण लेबलं खोक्यावरून पडतात. मी त्याखाली फक्त विचारलं, लेबल थंड खोलीच्या बाहेर लावता की आत? उत्तर आलं, आतच, उणे 18 मध्ये.

बस, तिथेच कळलं. लेबलच्या गोंदाची दोन तापमानं असतात, एक टिकायचं आणि एक लावायचं. एकदा नीट चिकटलेलं लेबल पुढे उणे तापमानात मजेत राहतं, पण लावताना खोका बर्फाळ असेल तर साधा गोंद धरतच नाही. हे कमेंटमध्येच लिहिलं, माझ्या मालाचं नाव न घेता. मग इनव्हाइट, नोटमध्ये एवढंच की तुमच्या रोलच्या डेटाशीटवर 'मिनिमम ॲप्लिकेशन टेंपरेचर' किती लिहिलंय ते बघाल का. दोन दिवसांत स्वीकारली आणि डेटाशीटचा फोटोच पाठवला. त्यावर अधिक 5.

मी सांगितलं, आहे तेच लेबल ठेवा, फक्त खोका आत जायच्या आधी, कोरडा असताना, बाहेर डॉकवर लावा. हे जमत नसेल तरच फ्रीझरचा महागडा गोंद घ्या. म्हणजे त्या दिवशी माझी विक्री मीच घालवली, आणि साहेबांना सांगितलं असतं तर त्यांनी मला झापलं असतं. सहा आठवडे काही नाही. मग त्यांचाच मेसेज, लेबलं आता डॉकवर लावतो, पण प्रिंटर आत ऑफिसात आहे, पोरं फेऱ्या मारतात, डॉकवर ठेवायला प्रिंटर सुचवा. दोन प्रिंटर गेले आणि रोल-रिबनची ऑर्डर दर महिन्याला चालू आहे.

अजून एक आठवलं, प्रोफाइल बदलायला घ्याल तेव्हा आधी सेटिंगमध्ये जाऊन 'बदल नेटवर्कला कळवा' हे बंद करा. मी केलं नव्हतं, आणि हुद्द्याची तारीख नीट करताना पन्नासेक जणांनी नव्या नोकरीबद्दल अभिनंदन केलं, त्यात आमचे साहेबही होते. सोमवारी ग्रुपवर त्यांना आधी ते समजावून सांगितलं, मग स्क्रीनशॉट टाकला. इनव्हाइट कमी केल्यापासून स्कोअर 55 वर घसरलाय, का घसरला म्हणून ते विचारत असतात, मी प्रिंटरचं बिल दाखवतो.