कुरडयांचं पार्सल आणि हवेचं भाडं

आमचा व्यवसाय वाळवणाचा. बार्शीत घरच्या गच्चीवर चैत्र-वैशाखात कुरडया, पापड, सांडगे होतात आणि पुढे वर्षभर विकले जातात. पुण्या-मुंबईची गिऱ्हाईकं आधीपासून होती. मग त्यांच्या ओळखीनं बंगळूर, हैदराबाद, दिल्ली इथल्या मराठी घरांतून मागणी येऊ लागली, आणि प्रश्न उभा राहिला तो कुरिअरचा. पापडाला काही अडचण नव्हती. अडचण सगळी कुरडईची.

कुरडई हलकी असते, पण जागा खाते. किलोभर पापड एका हातात मावतो, किलोभर कुरडयांना टोपलं लागतं. त्यात ती नाजूक, म्हणून आम्ही खोका मोठा घ्यायचो आणि मोकळ्या जागेत कागदाचे बोळे भरायचो. असा एक किलोचा खोका घेऊन मी कुरिअरच्या काउंटरवर गेले. काट्यावर वजन भरलं १ किलो ६०० ग्रॅम. तिथल्या मुलानं टेप काढली, खोका तीन बाजूंनी मोजला आणि पावती केली साडेचार किलोची. मी काट्याकडे बोट दाखवलं. तो म्हणाला, "ताई, काटा बरोबर आहे. पण आम्ही दोन्ही वजनं काढतो आणि जास्त असेल ते लावतो."

हे दुसरं वजन म्हणजे व्हॉल्युमेट्रिक वजन. खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये घ्यायची, गुणाकार करायचा आणि ५००० नं भागायचं. माझा खोका ३० बाय ३० बाय २५ चा होता. गुणाकार २२,५००, भागिले ५०००, आले साडेचार किलो. यात फसवणूक नाही. गाडीत माझ्या खोक्यानं जेवढी जागा अडवली तिथे दुसऱ्याचा साडेचार किलोचा माल बसला असता, आणि ते पैसे जागेचे घेतात. फक्त माझ्या बाबतीत त्या जागेत निम्म्याहून जास्त हवा होती.

दर अर्ध्या किलोच्या टप्प्यानं असतो. त्या काउंटरनं मला बंगळूरसाठी रस्त्यानं जाणाऱ्या पार्सलचा दर सांगितला होता तो असा: पहिल्या अर्ध्या किलोला ४५ रुपये, पुढच्या प्रत्येक अर्ध्या किलोला ३५. साडेचार किलो म्हणजे नऊ टप्पे, म्हणजे ३२५ रुपये. वर १८ टक्के जीएसटी धरून ३८३ रुपये ५० पैसे. काट्यावरचंच वजन धरलं असतं तर २ किलोचा टप्पा लागून १७७ रुपयांत काम झालं असतं. चारशे रुपयांच्या कुरडईवर पावणेचारशेचं भाडं कोणतं गिऱ्हाईक देईल?

मग मी दर विचारत फिरले. गावातली दोन-तीन काउंटरं, पोस्ट, आणि मोबाइलवरून अनेक कंपन्यांचे दर एकत्र दाखवणारं एक ॲप. पहिल्या फेरीत मी सगळीकडे "बंगळूरला किलोला किती?" एवढंच विचारलं. त्या उत्तरांचा काही उपयोग झाला नाही, कारण भाडं ठरवणारी गोष्ट त्या आकड्यात नव्हतीच. दुसऱ्या फेरीत मी खोक्याची मापं कागदावर लिहून नेली आणि तीन प्रश्न विचारले. कितीनं भागता? इंधनाचा अधिभार आणि जीएसटी दरात धरलाय की वरून लागणार? आणि या पिनकोडला घरपोच देता की लांबचा भाग म्हणून जादा पैसे घेता?

पहिल्या प्रश्नानंच चित्र पालटलं. एका कंपनीचा दर ४२ आणि ३२ होता, म्हणजे दर टप्प्याला तीन रुपये स्वस्त. पण ते ५००० ऐवजी ४००० नं भागत. २५ बाय २५ बाय १८ चा खोका धरा. गुणाकार ११,२५०. पाच हजारवाल्याकडे सव्वादोन किलो, म्हणजे अडीचचा टप्पा, १८५ रुपये. चार हजारवाल्याकडे २.८ च्या वर, म्हणजे तीनचा टप्पा, २०२ रुपये. स्वस्त दराची कंपनी सतरा रुपयांनी महाग पडली. ठोस, जड माल असला तर उलट होईल. माझा पापड त्याच कंपनीकडून स्वस्त जातो. म्हणून "कोणतं कुरिअर स्वस्त?" असं कुणी विचारलं की मी आधी माल काय आहे ते विचारते.

पण खरी बचत कंपनी बदलून झाली नाही, कुरडई बदलून झाली. आमच्या सासूबाईंच्या हातची कुरडई ताटलीएवढी. तळली की ताट भरून जायचं, आणि त्याचा त्यांना अभिमान. लहान घाला म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "कुरडई आहे का चकली?" मी त्यांना कुरिअरच्या पावत्या दाखवल्या. त्यांनी त्या चष्मा लावून वाचल्या आणि दुसऱ्या दिवशी चीक शिजवायला घेतला तेव्हा बांगडीचं माप समोर ठेवून सोऱ्या फिरवला. आता विक्रीची कुरडई साधारण दहा सेंटिमीटरची असते आणि ताटलीएवढी घरच्यासाठी. सारख्या मापाची असल्यामुळे ती एकावर एक बसते. चार थप्प्या शेजारी शेजारी, मध्ये पुठ्ठ्याची फुली, आणि वर-खाली एकेक पुठ्ठ्याचा तुकडा. बोळ्यांची गरज उरली नाही आणि तुटणंही कमी झालं, कारण खोक्यात हलायला जागाच नाही. किलोभर माल त्या २५-२५-१८ च्या खोक्यात बसू लागला. जीएसटीसह भाडं २१८ रुपये. एका पार्सलमागे १६५ रुपये वाचले.

खोकेवाल्याशी बोलताना एक गोष्ट आधी स्पष्ट करून घ्यावी लागते. तो इंचात आणि आतलं माप सांगतो. कुरिअरवाला सेंटिमीटरमध्ये आणि बाहेरचं मोजतो. पाच पदरी पुठ्ठ्यात दोन्ही भिंती मिळून सेंटिमीटरभर सहज वाढतो. शिवाय खोका ठासून भरला की झाकण फुगतं आणि मशीन त्या फुगीरपणाची उंची धरतं. २५ बाय २५ बाय २० केलं की बरोबर अडीच किलो होतात, म्हणजे कागदावर टप्पा पूर्ण वसूल. पण झाकण अर्धा सेंटिमीटर फुगलं तरी अडीचच्या वर जाऊन तीनचा टप्पा लागतो. म्हणून मी १८ वर थांबले. खोका बंद केल्यावर पट्टी आडवी ठेवून बघते. पट्टी डुगडुगली तर माल थोडा काढते.

अडीच किलोचे पैसे भरतोच आहोत आणि खरं वजन दीडच्या आसपास आहे, तेव्हा उरलेल्या किलोत काय देता येईल, हा पुढचा विचार. कुरडयांच्या थप्प्यांमध्ये आणि कोपऱ्यांत ज्या फटी राहतात त्यांत सांडग्यांच्या किंवा मसाल्याच्या लहान पुड्या बसतात. बंगळूरच्या गिऱ्हाइकाला मी आता सांगते, पावशेर सांडगे घेतलेत तर त्याचं वेगळं भाडं नाही. बहुतेक जण घेतात.

ॲपवरून पाठवायचं तर दर काउंटरपेक्षा बरे मिळतात आणि माणूस घरी येऊन पार्सल नेतो. पण तिथे वजन आणि मापं आपण भरायची असतात आणि कंपनी पुढे आपल्या हबवर ती पुन्हा मोजते. फरक निघाला तर पैसे आपल्या खात्यातून आपोआप कापले जातात. माझ्या एका पार्सलला २५ च्या जागी ३५ लांबी लावली होती. तक्रारीला ठरावीक मुदत असते, आणि पुराव्याशिवाय कुणी ऐकत नाही. माझ्याकडे फोटो होते, म्हणून पैसे परत आले. तेव्हापासून प्रत्येक खोक्याचे चार फोटो काढते: तिन्ही बाजूंना टेप लावून एकेक, आणि एक काट्यावर ठेवलेला. चारही फोटोंत चिकटवलेल्या लेबलचा नंबर वाचता आला पाहिजे, नाहीतर हा खोका त्याच पार्सलचा कशावरून, असा प्रश्न येतो.

कॅश ऑन डिलिव्हरी मी बंद केली. तिची फी वेगळी लागते, पैसे डिलिव्हरीनंतर काही दिवसांनी मिळतात, हे सगळं चाललं असतं. पण गिऱ्हाइकानं दार उघडलं नाही की पार्सल परत येतं आणि परतीचं भाडंही आपल्यालाच. म्हणजे जायचे २१८, यायचे जवळपास तेवढेच, आणि दोन्हीकडचा प्रवास सोसून आलेल्या कुरडया विकायच्या लायकीच्या नसतात. चुऱ्याचा चिवडा किती दिवस खायचा? आता आधी यूपीआयनं पैसे, मग पार्सल. त्यामुळे थोडी गिऱ्हाईकं गेली, आणि गेलेली बरी.

सगळं एकाच ठिकाणाहून पाठवायचं हा हट्टही सोडला. मोठ्या शहरांतली कुरडई ५००० नं भागणाऱ्या कंपनीकडून, रस्त्यानं. विमानाचा दर घेण्यात अर्थ नाही. वाळवण आहे, दोन दिवस उशिरा पोचलं तर काय बिघडतं? पुण्याच्या दुकानाला एकदम वीस-पंचवीस किलो लागतं, ते रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं जातं. तिथे नगावर भाडं ठरतं आणि कुणी टेप काढत नाही, मात्र उतरवून घ्यायला दुकानाच्या माणसाला पहाटे थांब्यावर हजर राहावं लागतं.

आणि खेडेगावचा पत्ता असला की पोस्ट. कणकवलीच्या पुढच्या एका वाडीत पार्सल द्यायचं होतं. खासगी कुरिअरवाले म्हणाले, आमच्या शाखेत येऊन घेऊन जायला सांगा. ते गिऱ्हाईक म्हणजे सत्तरीच्या बाई, त्या कुठे जाणार? स्पीड पोस्टानं पाठवलं. पोस्टमन घरी देऊन आला आणि बाईंचा फोन आला की कुरडया शाबूत आहेत, पण एवढ्या लहान का केल्या. तो फोन मी सासूबाईंकडे दिला.